ग्राफिक्स कार्डाची शिट्टी आणि झुकाव

ग्राफिक्स कार्डाबद्दल दोन तक्रारी वारंवार ऐकू येतात. गेम सुरू केला की कॅबिनेटमधून बारीक, टोचणारी शिट्टी येऊ लागते. हिला कॉइल व्हाइन म्हणतात. दुसरी तक्रार अशी, की बाजूच्या काचेतून पाहिल्यावर कार्डाचे मोकळे टोक खाली झुकलेले दिसते. दोन्हींच्या मुळाशी कार्डांची वाढ आहे. 2016 मधील जीटीएक्स 1080 या कार्डाची वीजमर्यादा 180 वॅट होती आणि त्याचे वजन किलोभराच्या आसपास होते. 2022 मध्ये आलेल्या आरटीएक्स 4090 साठी कंपनीने ठरवलेली मर्यादा 450 वॅट आहे आणि कंपनीच्या स्वतःच्या बांधणीचे कार्ड दोन किलोंच्या वर जाते. वाढलेल्या विजेमुळे आवाज वाढतो आणि वाढलेल्या वजनामुळे झुकाव. यांतला त्रासदायक आवाज कार्डाला बहुधा काहीही इजा करत नाही. झुकावाचा मात्र काही आवाज येत नाही, आणि तोच कालांतराने कार्ड निकामी करू शकतो.

शिट्टी कुठून येते

पॉवर सप्लायकडून कार्डाला 12 व्होल्टची वीज मिळते. मुख्य चिपला मात्र साधारण 1 व्होल्टच लागतो, पण प्रवाह प्रचंड लागतो. 300 वॅटच्या कार्डात तो दोनशे अँपिअरच्या पुढे सहज जातो. 12 व्होल्टचे 1 व्होल्ट करण्याचे काम कार्डावरचे छोटे छोटे विभाग वाटून घेतात. अशा प्रत्येक विभागात वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात आणि त्यांच्या पुढे एक चोक असतो. चोक म्हणजे चुंबकीय गाभ्यात बसवलेले तांब्याच्या जाड तारेचे वेटोळे. कार्डाचे वरचे आवरण काढले तर चिपच्या बाजूने ओळीने लावलेले करड्या किंवा काळ्या रंगाचे चौकोनी ठोकळे दिसतात, तेच चोक. तुटक येणारी वीज सलग करून चिपपर्यंत पोचवणे हे त्यांचे काम.

तारेतून प्रवाह गेला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. प्रवाह कमी-जास्त होताना हे क्षेत्रही कमी-जास्त होते आणि वेटोळ्यांना किंचित ढकलते-ओढते. गाभ्याचा पदार्थही चुंबकीय क्षेत्रात अतिसूक्ष्म प्रमाणात लांबी बदलतो. त्यामुळे चोक थरथरतो. शेजारचे सिरॅमिक कपॅसिटरही व्होल्टेज बदलले की किंचित आकार बदलतात आणि या थरथरीत भर घालतात. एवढ्याशा ठोकळ्याचा आवाज एरवी ऐकूही आला नसता. पण तो कार्डाच्या पातळ पट्टीवर घट्ट बसवलेला असतो आणि तंबोऱ्याच्या तारेला भोपळा जसा साथ देतो, तशी ती सगळी पट्टी त्याच्याबरोबर थरथरते.

स्विच सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात आणि माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजारांपलीकडची कंपने ऐकू येत नाहीत. तरीही शिट्टी ऐकू येते, कारण चिपची विजेची भूक सतत बदलत असते. गेमचे एकेक चित्र, म्हणजे फ्रेम, तयार करताना चिप जोरात काम करते, मग क्षणभर थांबते आणि पुढच्या फ्रेमला पुन्हा जोर लावते. फ्रेम जितक्या वेगाने तयार होतात, त्याच तालावर प्रवाह चढतो-उतरतो. सेकंदाला दोन-तीन हजार फ्रेम निघू लागल्या, तर हा ताल नेमका अशा पट्टीत येतो जिथे माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो.

म्हणूनच ही शिट्टी अनेकदा गेमच्या ऐन लढाईत न येता साध्या मेनूच्या पडद्यावर सर्वांत मोठी होते. मेनूत चित्र सोपे असते, कार्डाला कोणी अडवत नाही आणि ते शक्य तितक्या फ्रेम काढत सुटते. गेम सुरू होऊन दृश्य जड झाले की फ्रेम कमी होतात आणि शिट्टीही खाली उतरते किंवा तिची जागा जाडसर गुणगुण घेते.

आवाज नेमका कोणाचा

उपाय करण्याआधी आवाज चोकचा आहे, पंख्याचा आहे की पॉवर सप्लायचा, हे ओळखावे लागते. पंख्याचा आवाज हळूहळू चढतो, कारण आधी कार्ड तापते, मग पंखा वेग घेतो. गेम बंद केल्यावरही तो काही वेळ टिकतो. चोकची शिट्टी काम सुरू होताच येते आणि थांबताच जाते. मेनू उघडा असताना माऊस हलवला किंवा पान सरकवले आणि त्याबरोबर आवाजाची पट्टी बदलली, तर तो पंखा नव्हे.

कार्ड आणि पॉवर सप्लाय यांतला फरक ओळखायला पुठ्ठ्याची लांब नळी पुरते. एक टोक कानाशी धरून दुसरे टोक आधी कार्डाजवळ, मग पॉवर सप्लायच्या जाळीजवळ न्यावे. नळी पंख्याच्या पात्यांपासून दूर ठेवावी आणि आत हात घालू नये. आवाज पॉवर सप्लायकडून येत असेल तर आणखी एक गोष्ट तपासण्यासारखी आहे. आपल्याकडे अनेक घरांत संगणक यूपीएसवर चालतो आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना पायऱ्यापायऱ्यांची वीज देतात. अशा विजेवर काही पॉवर सप्लाय गुणगुणतात. वीज आल्यावर आवाज थांबत असेल, तर कार्डाला दोष देण्यात अर्थ नाही.

शिट्टी कमी करण्याचे उपाय

पहिला आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे फ्रेमना मर्यादा घालणे. 300 वॅटचे कार्ड आणि 144 हर्ट्झचा मॉनिटर असलेला एक संगणक घेऊ. मॉनिटर सेकंदाला 144 चित्रेच दाखवू शकतो. गेमच्या मेनूत मात्र कोपऱ्यातला आकडा 1800 दाखवतो आहे आणि शिट्टी शेजारच्या खोलीपर्यंत जाते आहे. त्या 1800 पैकी बहुतेक फ्रेम पडद्यावर कधी पूर्ण दिसतच नाहीत, म्हणजे वीज आणि आवाज दोन्ही वाया जात आहेत. एनव्हिडियाच्या कार्डासाठी NVIDIA Control Panel मध्ये Manage 3D settings या पानावर Max Frame Rate हा पर्याय असतो. तिथे 140 हा आकडा दिला की फ्रेम त्यापुढे जात नाहीत. एएमडीच्या कार्डासाठी AMD Software मध्ये Frame Rate Target Control हा पर्याय आहे. गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही बहुधा अशी मर्यादा किंवा V-Sync असतो.

मर्यादा लावताच मेनूतली टोचणारी शिट्टी बहुतेक वेळा नाहीशी होते. गेम खेळताना थोडी गुणगुण उरली, तर मर्यादा 120 वर आणून पाहावी. प्रत्येक कार्डाच्या पट्टीला एखादा ठरावीक ताल जास्त झोंबतो. त्या तालापासून थोडे वर किंवा खाली गेले की आवाज बसतो, म्हणून दोन-तीन आकडे आलटून-पालटून पाहणे योग्य ठरते.

दुसरा उपाय म्हणजे कार्डाची विजेची कमाल मर्यादा कमी करणे. MSI Afterburner या मोफत प्रोग्राममध्ये Power Limit नावाची सरकपट्टी असते. ती 100 वरून 80 वर आणली, तर वरच्या उदाहरणातले कार्ड 300 ऐवजी 240 वॅटवर थांबते. गेमचा वेग त्या प्रमाणात घटत नाही. बहुतेक गेममध्ये तो काही टक्क्यांनीच कमी होतो, कारण शेवटचा थोडासा वेग गाठायलाच कार्ड सर्वांत जास्त वीज खर्च करते. प्रवाह कमी झाला की चोकवरचा जोर कमी होतो, आणि कार्ड थंडही राहते. एनव्हिडियाच्या अनेक कार्डांवर हेच काम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड खिडकीतून होते:

```
nvidia-smi -q -d POWER
nvidia-smi -pl 240
```

पहिली ओळ त्या कार्डासाठी किमान आणि कमाल किती वॅट चालतात ते दाखवते, दुसरी मर्यादा 240 वॅट करते. संगणक पुन्हा सुरू केला की ही मर्यादा मूळ जागी जाते, त्यामुळे प्रयोग फसला तरी चिंता नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे चिपचे व्होल्टेज थोडे उतरवणे, ज्याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. त्यात वेग जवळपास तोच राहतो आणि वीज कमी लागते. पण व्होल्टेज जास्त उतरवले तर गेम मध्येच बंद पडतो किंवा पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. तसे झाले तर एक पाऊल मागे यावे.

एवढ्याने भागले नाही, तर कार्डाला जाणाऱ्या तारा पाहाव्यात. कार्डाला दोन किंवा तीन वीजजोडण्या असतील आणि त्या एकाच तारेच्या दोन फाट्यांवर लावल्या असतील, तर पॉवर सप्लायपासून प्रत्येक जोडणीला स्वतंत्र तार द्यावी. जड कार्डासाठी हे एरवीही योग्य असते. काही वेळा दुसरा पॉवर सप्लाय लावल्यावर त्याच कार्डाची शिट्टी बदलते. मात्र त्याची खात्री देता येत नाही, म्हणून केवळ आवाजासाठी नवा घेण्याआधी ओळखीच्या कोणाचा जोडून पाहणे शहाणपणाचे. कॅबिनेट टेबलावरून खाली ठेवणे, त्याची काचेची बाजू कानापासून दूर वळवणे यानेही ऐकू येणारा आवाज बराच घटतो.

चोकवर बाहेरून गोंद किंवा नेलपॉलिश ओतण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो टाळावा. आजचे बहुतेक चोक आधीच घट्ट साच्यात ओतलेले असतात, त्यामुळे बाहेरचा गोंद आतल्या तारेपर्यंत पोचतच नाही. त्यासाठी कार्ड उघडले की वॉरंटी धोक्यात येते आणि उष्णता वाहून नेणारे पॅड सरकतात, ते वेगळेच. बहुतेक कंपन्या कॉइल व्हाइनला दोष मानत नाहीत. त्यामुळे आवाज अगदीच असह्य असेल, तर दुकानाची परत घेण्याची मुदत संपण्याआधीच बोलणे बरे.

कार्ड का झुकते

1981 च्या आयबीएम पीसीसारखे सुरुवातीचे संगणक टेबलावर आडवे ठेवले जात. त्यांचा मदरबोर्ड सपाट असे आणि कार्डे त्यावर उभी बसत. वजन सरळ खाली स्लॉटवर जाई, झुकायला जागाच नव्हती. लांब कार्डांचे पुढचे टोक धरायला कॅबिनेटमध्ये खाचही असे. पुढे उभ्या टॉवरची पद्धत रुजली. मदरबोर्ड भिंतीसारखा उभा राहिला आणि कार्डे त्यातून आडवी बाहेर आली. कार्डे हलकी होती तोवर याने काही बिघडले नाही.

आज या आडव्या कार्डाला आधार असतो तो मागच्या पत्र्याला लावलेल्या दोन स्क्रूंचा आणि कडेने मदरबोर्डच्या स्लॉटचा. मॉनिटरची तार जोडतात ते टोक असे धरलेले असते, तर दुसरे टोक अधांतरी. 1.8 किलोचे, 33 सेंटीमीटर लांब कार्ड घेतले आणि त्याचा वजनमध्य पत्र्यापासून 15 सेंटीमीटरवर धरला, तर ते वजन कार्डाला सतत खाली फिरवू पाहते. पत्र्यापासून 30 सेंटीमीटरवर खालून टेकू दिला, तर त्याला जेमतेम 900 ग्रॅमचा भार उचलावा लागतो आणि फिरवणारा जोर संपतो. छोटासा टेकू एवढा गुणकारी का, याचे उत्तर या हिशेबात आहे.

टेकू नसेल तर हा सगळा ताण स्लॉटजवळच्या भागात जमा होतो. कार्डाच्या सोनेरी दातांच्या टोकाला एक खाच असते आणि स्लॉटची कडी तिला धरून ठेवते. त्या खाचेच्या आसपास पट्टी वाकते. पट्टीच्या आत तांब्याचे अनेक थर असतात आणि तिथे केसाएवढी चीर पडली तरी एखादी रेघ तुटते. चिप आणि मेमरी पट्टीला बारीक सोल्डरच्या गोळ्यांनी चिकटवलेल्या असतात. पट्टी वाकलेली राहून वारंवार तापली आणि निवली, तर तेही सांधे दुबळे होतात. हे सगळे मंदगतीने घडते. मात्र संगणक गाडीतून नेताना खड्ड्यात आदळला, तर एका क्षणात तेवढेच नुकसान होऊ शकते.

झुकाव मोजणे

डोळ्यांना झुकाव नेहमी खरा वाटत नाही, म्हणून फूटपट्टी घ्यावी. कॅबिनेटच्या तळापासून कार्डाच्या खालच्या कडेपर्यंतची उंची आधी पत्र्याजवळ, मग मोकळ्या टोकाशी मोजावी. 30 सेंटीमीटरच्या कार्डात दोन उंचींमध्ये 5 मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक अंशाचा झुकाव. मग कार्डाच्या वरच्या कडेवरून नजर सरळ रेषेत न्यावी. कड सरळ असून संपूर्ण कार्ड तिरके असेल, तर बहुधा स्क्रू किंवा बैठक सैल आहे. कडच वाकलेली असेल, तर पट्टीवर ताण आहे आणि टेकू हवाच. फक्त प्लास्टिकचे आवरण लोंबत असेल, तर काळजीचे कारण नाही.

कार्ड स्लॉटमध्ये नीट बसले आहे का, हे GPU-Z या मोफत प्रोग्राममध्ये कळते. तिथे Bus Interface या चौकटीत स्लॉटची सध्याची रुंदी दिसते. 16 रांगांच्या कार्डासमोर @ x16 ऐवजी @ x8 किंवा @ x4 दिसत असेल, तर दाते पूर्ण टेकलेले नसण्याची शक्यता आहे. काही कार्डे, उदाहरणार्थ आरटीएक्स 4060, मुळातच आठ रांगांची असतात आणि काही मदरबोर्डही रांगा विभागून देतात, म्हणून आकडा पाहण्याआधी कार्डाची आणि बोर्डाची माहिती वाचावी.

झुकाव काढण्याची रीत

आधी संगणक बंद करावा, भिंतीवरचा स्विच बंद करावा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज संपवावी आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावावा. मग कॅबिनेट असे आडवे करावे की मदरबोर्ड खाली सपाट राहील आणि कार्ड उभे दिसेल. आता कार्डाचे वजन सरळ स्लॉटवर आहे. मागचे दोन्ही स्क्रू सैल करावेत, कार्ड हलक्या हाताने पूर्ण बसवावे आणि स्क्रू पुन्हा घट्ट करावेत. उभ्या कॅबिनेटमध्ये स्क्रू आवळले, तर कार्ड झुकलेल्या स्थितीतच जखडले जाते. एका स्क्रूवर भागवलेले असेल तर दुसराही लावावा. बऱ्याच मध्यम वजनाच्या कार्डांचा झुकाव एवढ्यानेच जवळजवळ जातो.

जड कार्डाला टेकू लागतो. बाजारात उंची कमी-जास्त करता येणारे, तळाला चुंबक आणि वर रबर असलेले छोटे खांब मिळतात. अनेक कार्डांसोबत असा आधार खोक्यातच येतो. तो मोकळ्या टोकाजवळ, धातूच्या चौकटीखाली किंवा आवरणाच्या भक्कम कडेखाली उभा करावा. पंख्याची पाती त्यापासून स्पष्ट दूर हवीत. खांब कार्डाला टेकेपर्यंत फिरवावा, मग एका हाताने कार्ड किंचित उचलून आणखी थोडासा फिरवावा आणि फूटपट्टीने दोन्ही उंची पुन्हा मोजाव्यात. सारख्या आल्या की थांबावे. कार्ड समपातळीच्या वर उचलले तर ताण उलट्या दिशेने पडतो, फायदा काहीच होत नाही.

खांब नसेल तर नेमक्या उंचीचा लाकडी ठोकळा किंवा प्लास्टिकचे जोडखेळ चालते. कार्डाच्या वर कॅबिनेटची भक्कम पट्टी असेल, तर नायलॉनच्या मजबूत दोऱ्याने मोकळे टोक वरून बांधता येते. दोरा सैल पडतो, म्हणून महिन्याभराने तपासावा. उघडा धातू पट्टीला टेकू देऊ नये. कार्डाखाली स्पंज किंवा पुठ्ठा कोंबू नये, कारण पंख्यांना लागणारी हवा त्याने अडते.

कार्ड उभे बसवणारा स्टँड आणि जोडपट्टीची केबल हा दिसायला देखणा उपाय आहे. पण कार्डाचे पंखे काचेला खेटले तर तापमान चढते. जोडपट्टी जुन्या पिढीची असेल तर पडदा लुकलुकतो किंवा येतच नाही, आणि तेव्हा बायोसमध्ये स्लॉटची पिढी एक पायरी उतरवावी लागते. जागा असेल तर संपूर्ण कॅबिनेट कायमचे आडवे ठेवणे हा जुनाच उपाय सर्वांत साधा आहे. फक्त हवेची जाळी झाकली जाणार नाही हे पाहावे.

वीजतारही कार्डाला ओढत असते. विशेषतः नव्या 16 पिनांच्या जोडणीत प्लग पूर्ण आत गेलेला असावा आणि प्लगपासून पहिले साडेतीन सेंटीमीटर तार सरळ असावी. टेकू लावताना कार्ड वर सरकते, म्हणून त्यानंतर प्लग पुन्हा दाबून पाहावा. घर बदलताना किंवा संगणक दूर नेताना टेकूवर विसंबू नये. जड कार्ड काढून त्याच्या मूळ खोक्यात नेणेच सुरक्षित.

टेकू लावल्याने शिट्टी जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. आवरणाचा एखादा खडखडाट थांबू शकतो, पण चोकची थरथर विजेमुळे आहे, वजनामुळे नाही. कार्ड सरळ केल्यावरही पडद्यावर रंगीत चौकोन दिसत असतील किंवा संगणकाला कार्ड कधी सापडते, कधी नाही अशी स्थिती असेल, तर चीर किंवा सैल सोल्डरची शंका घ्यावी आणि कार्ड दुरुस्तीला द्यावे. त्याचप्रमाणे कडकड, चटचट असा तुटक आवाज आणि जळका वास ही कॉइल व्हाइन नव्हे. तसे आढळल्यास संगणक लगेच बंद करून भिंतीवरचा स्विचही बंद करावा.